टोट बॅगच्या मॉकअपवर लोगो बसवताना: आधी पिशवी मोजा, मग लोगो लावा

गेल्या दिवाळीच्या आधी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका फराळाच्या दुकानासाठी मी कापडी पिशवीचा मॉकअप करून दिला होता. लोगो दुकानदारांनीच पुरवला होता: वडाचे एक हिरवे पान आणि त्याखाली गडद किरमिजी रंगात दुकानाचे नाव. मी तो पिशवीच्या फोटोवर ठेवला, डोळ्यांना बरा दिसेपर्यंत कोपऱ्याने ओढून मोठा केला, थोडा तिरका केला आणि पाठवून दिला. चित्र लगेच पसंत पडले. पिशव्या छापून आल्या तेव्हा मात्र दुकानदारांनी माझे चित्र मोबाइलवर उघडून पिशवीशेजारी धरले आणि म्हणाले, "अहो, फोटोत लोगो पिशवीभर होता, इथे तर अर्ध्यावरच आटोपला." मी मोजून पाहिले. फोटोतल्या पिशवीच्या प्रमाणात माझा लोगो सत्तावीस सेंटीमीटर रुंद भरत होता आणि छापणाऱ्याची चौकट चोवीस सेंटीमीटरच्या पुढे जातच नव्हती, म्हणून त्याने आपल्या अंदाजाने तो अठरा सेंटीमीटरवर आणून छापला होता. चूक छापणाऱ्याची नव्हती. मी चित्रात असा आकार दाखवला होता, जो कुणी मोजलाच नव्हता.

त्यानंतर मी कामाचा क्रम बदलला. लोगो थेट फोटोवर न ठेवता आधी पिशवीची पुढची बाजू खऱ्या मापाची, सपाट अशी वेगळी तयार करायची, लोगो तिच्यावर सेंटीमीटरने मोजून ठेवायचा आणि मग ती संपूर्ण बाजू फोटोतल्या पिशवीवर बसवायची. असे केले की प्रमाण आणि कोन हे दोन्ही प्रश्न एकाच हालचालीत सुटतात आणि चुण्यांचे काम शेवटी निवांतपणे करता येते. पुढचे सगळे टप्पे फोटोशॉपमधले आहेत आणि उदाहरण त्याच पिशवीचे आहे.

## हाताशी काय असावे

- लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ), अक्षरे आउटलाइन केलेली.
- रिकाम्या पिशवीचा फोटो, ज्यात पुढच्या बाजूच्या चारही कडा दिसतात. माझा फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा होता.
- पिशवीच्या पुढच्या बाजूची खरी रुंदी आणि उंची, सेंटीमीटरमध्ये, टेपने मोजलेली.
- छापता येणारे जास्तीत जास्त माप आणि लोगोची ठरलेली रुंदी, दोन्ही छापणाऱ्याकडून लेखी.

## १. पुरवलेला लोगो आधी तपासा

बहुतेक वेळा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरून, पांढऱ्या चौकोनात बसवलेली जेपीजी म्हणून येतो. नवशिक्याला वाटते की लेयर मल्टिप्लायवर ठेवला की पांढरे आपोआप नाहीसे होईल, आणि ते होतेही. पण अक्षरांच्या कडेला जेपीजीने सोडलेली राखाडी धूळ तशीच राहते आणि फिकट मांजरपाटावर ती मळासारखी दिसते. शिवाय लोगोच्या आतला पांढरा भाग पांढऱ्या शाईने छापायचा आहे की तिथे कापडच दिसू द्यायचे आहे, हा प्रश्न मल्टिप्लाय परस्पर सोडवून टाकतो आणि तो चुकीचाही सुटू शकतो. माझ्या उदाहरणात पानाच्या शिरा पांढऱ्या होत्या. त्या पांढऱ्या शाईने छापायच्या नव्हत्या, तिथे कापड मोकळे ठेवायचे होते. पण हे विचारल्यावरच कळले.

देवनागरी लोगोचा आणखी एक सापळा आहे. अक्षरे आउटलाइन केलेली नसतील आणि तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल, तर वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरे सुटी होतात. फॉन्ट युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीचा असेल, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचराच उमटतो. हा कचरा निदान लगेच लक्षात येतो. सरकलेली वेलांटी मात्र दोघांच्याही नजरेतून सुटते आणि थेट छपाईत सापडते. म्हणून फाइल उघडल्यावर दुकानाच्या पाटीचा किंवा जुन्या डब्याचा फोटो मागवा आणि एकेक अक्षर त्याच्याशी ताडून पाहा. लोगो पुरवलेला आहे, तेव्हा त्याची दुरुस्ती आपण परस्पर करू नये. दोष दिसला तर तो ग्राहकाला दाखवून नवी फाइल मागावी.

## २. पिशवीची सपाट पुढची बाजू तयार करा

आमच्या पिशवीची पुढची बाजू ३६ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच होती. एका सेंटीमीटरला १०० पिक्सेल धरले, तर ३६०० × ४००० पिक्सेलचे, पारदर्शक पार्श्वभूमीचे नवे कोरे डॉक्युमेंट होते. हे प्रमाण मुद्दाम सोपे ठेवले आहे, म्हणजे पुढे गणित तोंडी करता येते: लोगो १८ सेंटीमीटर हवा, तर तो १८०० पिक्सेल रुंद.

या कोऱ्या बाजूवर सगळ्यांत आधी दर दोन सेंटीमीटरला, म्हणजे दर २०० पिक्सेलला, एक उभी आणि एक आडवी रेघ, चारही कडांवरसुद्धा, काढून जाळी तयार करा. या जाळीचा थर वेगळा ठेवा, कारण तो पुढे बंद करायचा आहे. लोगो अजून ठेवू नका. लोगोच्या गोलसर आकारामुळे कोनातली चूक झाकली जाते. सरळ रेघांच्या जाळीत ती लपत नाही.

आता सगळे थर निवडून `Layer > Smart Objects > Convert to Smart Object` करा आणि हा स्मार्ट ऑब्जेक्ट ओढून पिशवीच्या फोटोच्या डॉक्युमेंटमध्ये आणा. पुढे लोगोचे माप किंवा जागा बदलायची झाली, तर त्याच्यावर दोनदा क्लिक करून आत बदल करायचा. बाहेरचा कोन आणि चुण्या जशाच्या तशा राहतात.

## ३. चार कोपरे फोटोतल्या पिशवीवर बसवा

स्मार्ट ऑब्जेक्ट निवडून `Edit > Free Transform` घ्या, उजवे क्लिक करून `Distort` निवडा आणि एकेक कोपरा पिशवीच्या त्या त्या कोपऱ्यावर न्या. येथे `Skew` वापरू नका. त्यात कोपरा फक्त कडेच्या दिशेने सरकतो, हवा तिथे मोकळेपणाने नेता येत नाही. `Perspective` दोन कोपरे एकदम आणि समान हलवते, त्यामुळे प्रत्यक्ष फोटोवर ते क्वचितच नेमके बसते.

खरी अडचण अशी की कापडी पिशवीला धारदार कोपरे नसतात. खालचे कोपरे गोल झालेले असतात आणि वरची कड दोन बंदांच्या मध्ये झोळीसारखी लोंबते. अशा वेळी कोपरा जिथे दिसतो तिथे न धरता, बाजूच्या शिवणीचा सरळ भाग आणि खालच्या कडेचा सरळ भाग मनाने पुढे वाढवून ते जिथे छेदतील तिथे धरावा. मी त्यासाठी एका वेगळ्या थरावर लाल रेघा काढतो आणि काम झाल्यावर तो थर पुसतो.

आमच्या फोटोत पिशवी किंचित उजवीकडे वळलेली होती. डावी कड २०१० पिक्सेल भरली, उजवी १८००, आणि दोन्ही कडांमधले आडवे अंतर सुमारे १५९० पिक्सेल. म्हणजे डाव्या कडेला एका सेंटीमीटरचे साधारण ५० पिक्सेल होतात आणि उजवीकडे ४५. हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, पण त्यामुळे पिशवीचा खरा मध्य फोटोत दिसणाऱ्या मध्यावर पडत नाही. जवळची अर्धी बाजू जास्त जागा घेते, म्हणून खरा मध्य लांबच्या कडेकडे सरकतो. येथे तो सुमारे ४४ पिक्सेल, म्हणजे कापडावर एक सेंटीमीटर, उजवीकडे होता. नजरेने मध्य साधून ठेवलेला लोगो नेहमी "जरा एका अंगाला गेल्यासारखा" का वाटतो, त्याचे कारण हेच आहे. खरा मध्य शोधायचा असेल, तर समोरासमोरचे कोपरे रेघांनी जोडा. दोन कर्ण जिथे छेदतात तिथे तो असतो. सपाट बाजूच्या पद्धतीत हा हिशेब आपोआप होतो, तरी पडताळ्यासाठी कर्ण एकदा काढून पाहावेत.

कोपरे बसल्यावर जाळीकडे बघा. तिच्या उभ्या रेघा बाजूच्या शिवणींबरोबर हळूहळू कललेल्या दिसायला हव्यात आणि खालची आडवी रेघ तळाच्या शिवणीला धरून जायला हवी. वरची कड लोंबत असेल, तर पुन्हा `Free Transform` घेऊन `Warp` निवडा आणि फक्त वरच्या रेघा कडेबरोबर खाली वाकवा. मधला भाग हलवू नका. तिथल्या चुण्या पुढच्या टप्प्यात येतात, आणि त्या वॉर्पने हाताने करायला गेलात तर पिशवी रबराची वाटू लागते.

आता स्मार्ट ऑब्जेक्ट उघडा, जाळी बंद करा, लोगो १८०० पिक्सेल रुंदीवर आडव्या मध्यावर ठेवा आणि जतन करा. उभ्या मध्यावर तो नेमका ठेवू नये. पिशवी हातात धरली की वरचा भाग बंदांमुळे ओढला जातो आणि खालचा भाग सामानाने फुगतो, म्हणून लोगो मध्याच्या दोनतीन सेंटीमीटर वर शोभतो. अर्थात हे माझे मत आहे, ग्राहकाचे वेगळे असू शकते. बाहेर आल्यावर `Ruler Tool` ने लोगोची रुंदी मोजा. आमच्या उदाहरणात ती सुमारे ७९० पिक्सेल यायला हवी. हजारच्या आसपास आली, तर कुठला तरी कोपरा चुकला आहे. बरीच कमी आली, तर आतल्या लोगोभोवतीची रिकामी जागाही १८०० पिक्सेलमध्ये मोजली गेली असावी.

## ४. चुण्यांचा नकाशा तयार करा

पिशवीच्या चुणीवरून जाताना लोगोची कड थोडी सरकलेली दिसली पाहिजे. ते काम `Displace` हा फिल्टर करतो आणि त्याला एक राखाडी नकाशा लागतो. हा नकाशा म्हणजे लोगो नसलेल्या फोटोचीच एक प्रत. तिचे माप मूळ फोटोइतकेच ठेवा, कापाकापी करू नका, नाहीतर चुण्या एकीकडे आणि लोगोचे वळण दुसरीकडे जाईल.

प्रत `Image > Mode > Grayscale` मध्ये न्या आणि `Gaussian Blur` साधारण ४ पिक्सेल द्या. एवढे पुसणे आवश्यक आहे, कारण मांजरपाटाची वीण स्पष्ट राहिली तर फिल्टर प्रत्येक धाग्यावर लोगो हलवतो आणि अक्षरांच्या कडा केसाळ होतात. विणीचा खडबडीतपणा लोगोवर दिसायला हवा हे खरे, पण तो पुढच्या टप्प्यात मिश्रणातून येतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. `Displace` ला १२८ ही राखाडी छटा म्हणजे "जागेवरच राहा" अशी वाटते. त्याहून उजळ छटा एका दिशेला ढकलते आणि गडद छटा उलट दिशेला. फिकट पिशवीचा सपाट भाग फोटोत १९० च्या आसपास असतो, म्हणजे जिथे एकही चुणी नाही तिथेही फिल्टर संपूर्ण लोगो चारपाच पिक्सेल सरकवून टाकतो, आणि तुम्ही इतक्या निगुतीने साधलेला मध्य हातचा जातो. म्हणून नकाशावर `Curves` लावून रेघ मधून खाली ओढा आणि `Info` पॅनेलमध्ये पाहत सपाट कापडाची छटा १२८ च्या जवळ आणा. त्याच वेळी चुण्यांचा फरक किंचित वाढवला तरी चालतो.

फिल्टरला आकार कळत नाही, त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यामुळे बंदाची पिशवीवर पडलेली सावली त्याला खोल चुणी वाटते आणि सावलीच्या काठावर अक्षर मोडते. आमच्या फोटोत डाव्या बंदाची सावली थेट नावाच्या पहिल्या अक्षरावर येत होती. नकाशात अशा सावल्या, डाग आणि शिक्क्यांच्या खुणा मऊ ब्रशने आजूबाजूच्या छटेत मिसळून टाकाव्यात. मूळ फोटोला हात लावायचा नाही. तिथे सावली हवीच आहे.

नकाशा `.psd` म्हणून वेगळ्या नावाने जतन करा.

## ५. लोगो चुण्यांवर बसवा

स्मार्ट ऑब्जेक्ट निवडून `Filter > Distort > Displace` उघडा. येथे पूर्वदृश्य मिळत नाही, त्यामुळे आकडे समजून घालावे लागतात. शंभर टक्क्यांना सर्वाधिक सरक १२८ पिक्सेल असते. म्हणजे ८ घातले तर जास्तीत जास्त साधारण १० पिक्सेल, आणि आमच्या फोटोत ते कापडावर दोन मिलिमीटर होतात. कापडाच्या साध्या चुणीला एवढे पुरते. पिशवीच्या चुण्या बंदांपासून खाली उतरणाऱ्या, म्हणजे बहुतांशी उभ्या असतात, आणि उभ्या चुणीवर कड आडवी हलायला हवी. म्हणून मी `Horizontal Scale` ८ आणि `Vertical Scale` ३ ठेवले. दोन्ही सारखे ठेवले, तर राखाडी नकाशावर सगळी सरक एकाच तिरप्या दिशेला होते आणि लोगो पाण्यात हलल्यासारखा दिसतो. `Stretch To Fit` आणि `Repeat Edge Pixels` निवडा, `OK` करा आणि मग नकाशाची फाइल द्या.

फिल्टर स्मार्ट ऑब्जेक्टवर असल्यामुळे आकडे पसंत पडले नाहीत तर त्याच्या नावावर दोनदा क्लिक करून बदलता येतात. कसोटीसाठी अक्षरांची शिरोरेषा पाहा. देवनागरी लोगोचा हा एक फायदाच आहे: चुणीवरून जाताना लांब सरळ शिरोरेषा हलकेच लहरायला हवी. ती तुटक पायऱ्यांसारखी दिसली, तर नकाशा पुरेसा पुसलेला नाही. अगदीच सरळ राहिली, तर चुण्यांचा फरक कमी पडला आहे.

याला एक मर्यादा आहे. खोल घडीत कापडाचा काही भाग दिसतच नाही, आणि सरकवण्याने तो दडवता येत नाही. तिथे लेयर मास्क घेऊन घडीच्या आत जाणारा लोगोचा पट्टा हाताने झाकावा लागतो. लोगोच्या मधोमध अशी घडी असेल, तर सरळ दुसरा फोटो घ्या. मी दोनदा हट्ट धरून तासन्‌तास घालवले आहेत आणि दोन्ही वेळा फोटोच बदलावा लागला.

## ६. शाई कापडात मुरल्यासारखी दिसू द्या

फिकट पिशवीवर गडद शाई असेल, तर स्मार्ट ऑब्जेक्टचे मिश्रण `Multiply` वर ठेवा. खालच्या सावल्या आणि वीण लोगोतून दिसू लागते. एवढ्यावर थांबलात, तर गडद किरमिजी रंग फोटोतल्या कुठल्याही सावलीपेक्षा काळा होतो आणि लोगो चिकटवलेला वाटतो. मॅट कापडावर सुकलेली शाई उजेडात कधी पूर्ण काळी दिसत नाही. त्यासाठी लोगोवर `Levels` चा थर क्लिप करून खालच्या `Output Levels` मध्ये काळे टोक शून्यावरून २५ च्या आसपास आणा. पिशवीच्या बंदाखालची सावली आणि लोगोचा सर्वांत गडद भाग शेजारी ठेवून पाहिले की नेमका आकडा कळतो.

पिशवी काळी आणि शाई पांढरी असेल, तर हे सगळे उलटते. मल्टिप्लायमध्ये पांढरे नाहीसे होते, म्हणून मिश्रण `Normal` ठेवून चुण्यांच्या सावल्या वेगळ्या आणाव्या लागतात: पिशवीच्या थराची राखाडी प्रत लोगोच्या वर क्लिप करा, `Curves` ने तिचा सपाट भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत उजळवा आणि मग तिला `Multiply` द्या. लोगोत फक्त खोलगट भाग गडद होतात.

चमक, उठाव आणि लोगोखाली सावली देणारे लेयर स्टाइल या कामात वापरू नयेत. मॅट पिशवीवर चमकणारी कड दिसली की पाहणारा तो प्लॅस्टिकचा स्टिकर समजतो. बंद लोगोच्या पुढून जात असतील, तर त्यांचा मास्क शेवटी करा आणि त्याची कड फोटोतल्या बंदाच्या कडेइतकीच मऊ ठेवा.

## ७. पाठवण्याआधी

चित्र शंभर टक्के मोठे करून पाहा, मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून उलट्या बाजूने पाहा. कोनातली चूक उलट्या चित्रात पटकन डोळ्यांत भरते. पाहून झाल्यावर ते परत सरळ करायला विसरू नका, नाहीतर नाव उलटे जाईल. हे मी केलेले आहे.

चित्राखाली एका ओळीत माप लिहा: "पिशवी ३६ × ४० सेंमी, लोगोची रुंदी १८ सेंमी, वरच्या कडेपासून १२ सेंमी खाली." चित्र पसंत पडले म्हणजे हे आकडेही पसंत पडले, असे दोन्ही बाजूंना स्पष्ट होते आणि छापणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

आकड्यांवरून माप डोळ्यांसमोर न येणारे ग्राहक पुष्कळ असतात. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो, तेव्हा १८ सेंटीमीटरचा लोगो त्यावर खऱ्या मापात मावतो. यंदा त्याच दुकानासाठी मी लोगो साध्या कागदावर छापून, कडेने कापून, रिकाम्या पिशवीवर दोन टाचण्यांनी लावून नेला आणि शेजारी मॉकअप ठेवला. दुकानदारांनी पिशवी खांद्याला अडकवली, लांबून बायकोला दाखवली आणि लोगो बावीस सेंटीमीटर करायला सांगितला. स्मार्ट ऑब्जेक्ट उघडून १८०० चे २२०० करायला एक मिनिटही लागले नाही.